पगारी उद्योजकाचं खरं भांडवल

जून १९९१. शिकागोच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात सोनीने एका नव्या खेळयंत्राची घोषणा केली. निन्टेंडोच्या गेमिंग यंत्राला सीडीची जोड देणारं हे यंत्र दोन्ही कंपन्यांच्या करारातून आकाराला येत होतं. दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात निन्टेंडोने जाहीर केलं की, सीडीसाठी आपण सोनीच्या प्रतिस्पर्धी फिलिप्सबरोबर काम करणार आहोत. करारानुसार सीडीवरच्या खेळांचे हक्क सोनीच्या हातात जात होते आणि निन्टेंडोला ते परवडणारं नव्हतं. सोनीची जगासमोर नाचक्की झाली. या करारामागे केन कुतारागी नावाचा सोनीचाच एक अभियंता होता. त्याच्या प्रकल्पाचा इथेच शेवट व्हायला हवा होता. प्रत्यक्षात साडेतीन वर्षांनी, ३ डिसेंबर १९९४ला, जपानच्या दुकानांत प्लेस्टेशन आलं आणि पुढे त्याची दहा कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली.

मोठ्या कंपनीच्या पगारावर राहून, तिच्याच पैशाने आणि साधनांनी नवा धंदा उभा करणाऱ्या माणसाला ‘इंट्राप्रेन्युअर’ म्हणतात. गिफर्ड आणि एलिझाबेथ पिंशो या दाम्पत्याने १९७८च्या सुमारास हा शब्द रूढ केला. आपण त्याला कंपनीअंतर्गत उद्योजक म्हणू. ‘सुरक्षित नोकरी सांभाळून केलेला स्टार्टअप’ अशी त्याची सर्रास ओळख करून दिली जाते, पण ती दिशाभूल करणारी आहे. त्याची लढाईच वेगळी असते, आणि कुतारागींच्या वाटचालीत ती स्पष्ट दिसते.

एकच दार

स्वतंत्र उद्योजकाची पहिली चणचण पैशाची. पण त्याच्याकडे एक मोठी मोकळीक असते. एका गुंतवणूकदाराने नकार दिला तर तो दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. वीस जणांनी नाकारलं आणि एकविसाव्याने होकार दिला तरी त्याचं काम सुरू होतं.

कंपनीतल्या उद्योजकाला ही सोय नाही. सोनीकडे पैसा होता, चिप बनवण्याचे कारखाने होते, जगभर विक्रीचं जाळं होतं. पण या सगळ्याकडे जाणारं दार एकच होतं. त्यात भर म्हणजे कंपनीतल्या अनेक वरिष्ठांना गेमिंग हा पोरखेळ वाटत होता. टीव्ही आणि वॉकमन बनवणाऱ्या प्रतिष्ठित कंपनीने खेळणी का विकावीत, हा त्यांचा सवाल होता. कुतारागींनी याआधी निन्टेंडोसाठी ध्वनीची चिप वरिष्ठांच्या नकळत बनवली होती. ते उघड झाल्यावर त्यांची नोकरी जाण्याची वेळ आली, तेव्हा सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

निन्टेंडोने पाठ फिरवल्यानंतर, जून १९९२मध्ये, गेमिंगचं पुढे काय करायचं हे ठरवण्यासाठी बैठक झाली. तिथे कुतारागींनी सांगितलं की, त्रिमितीय चित्रं दाखवणारं, सीडीवर चालणारं सोनीचं स्वतःचं यंत्र आपण विकसित करतो आहोत. निन्टेंडोने केलेला अपमान असाच गिळायचा का, हा प्रश्नही त्यांनी ओगांपुढे ठेवला. ओगांनी परवानगी दिली. एका माणसाच्या होकारावर सगळं तरलं. ओगांच्या जागी दुसरं कोणी असतं, तर तेच यंत्र कागदावर राहिलं असतं.

घरातच, पण जरा लांब

परवानगी मिळाली तरी विरोध संपत नाही. चालू धंदा सांभाळणाऱ्या विभागांना नव्या प्रकल्पावर होणारा खर्च आपल्या ताटातून काढून घेतल्यासारखा वाटतो. प्रत्येक बैठकीत प्रश्न येतात, माणसं मिळत नाहीत, मंजुऱ्या लांबतात. प्रकल्प कोणी उघडपणे मारत नाही, तो हळूहळू उपाशी मरतो.

ओगांनी यावर साधा उपाय केला. कुतारागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुख्यालयातून हलवून त्यांनी सोनीच्याच संगीत कंपनीच्या आओयामातल्या कार्यालयात बसवलं. नोव्हेंबर १९९३मध्ये सोनी आणि सोनी म्युझिक यांनी मिळून सोनी कॉम्प्युटर एन्टरटेनमेंट ही वेगळी कंपनी काढली.

या स्थलांतराने संरक्षण मिळालं, शिवाय धंद्याची समजही मिळाली. कलावंतांशी करार कसे करायचे, तबकड्या किती काढायच्या आणि संपल्यावर दुकानात पुन्हा कशा पोचवायच्या, हे शिगेओ मारुयामांसारख्या संगीत व्यवसायातल्या लोकांना पाठ होतं. निन्टेंडोचे खेळ चिप असलेल्या महागड्या कार्ट्रिजवर येत. ते आधीच मोठ्या संख्येने बनवून घ्यावे लागत आणि खेळ चालला नाही तर माल अंगावर पडे. सीडी मात्र स्वस्तात आणि झटपट छापता येत असे. थोडा माल काढायचा, खप पाहायचा आणि मग पुन्हा छापायचा. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांना हे गणित पटलं आणि त्या सोनीकडे आल्या. स्वतंत्र उद्योजकाला ही यंत्रणा उभारायला कित्येक वर्षं लागली असती. कंपनीत राहण्याचा खरा फायदा असा असतो. तो पैशापेक्षा मोठा आहे.

पाठीराखा नसेल तर

याच्या उलट उदाहरण कोडॅकचं. १९७५मध्ये स्टीव्ह सॅसन या कोडॅकच्या तरुण अभियंत्याने रॉचेस्टरमध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. एक कृष्णधवल छायाचित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. कोडॅकने त्याचं पेटंटही घेतलं. पण कंपनीचं उत्पन्न फिल्मवर होतं आणि फिल्म नको असलेला कॅमेरा बाजारात नेण्याची निकड वरच्यांपैकी कोणालाच वाटली नाही. शोध कंपनीच्या मालकीचा असल्याने सॅसनना तो घेऊन दुसरीकडे जाणंही शक्य नव्हतं. जानेवारी २०१२मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दोन्ही अभियंत्यांची बुद्धी आणि जिद्द अव्वल होती. फरक होता तो होकार देण्याचा अधिकार आणि इच्छा, दोन्ही असलेल्या माणसाचा. म्हणून कंपनीअंतर्गत उद्योजकाचं खरं भांडवल म्हणजे संरक्षण. ते पैशासारखं साठवून ठेवता येत नाही. पाठीराखा निवृत्त झाला, त्याची बदली झाली किंवा तो पदावरून गेला, की तेही संपतं.

यशानंतरचा हिशेब

यश मिळाल्यावर दुसरा फरक समोर येतो. स्वतंत्र उद्योजकाकडे कंपनीचे समभाग असतात, त्यामुळे धंदा वाढला की त्याची मालमत्ताही वाढते. पगारी उद्योजकाला बढती मिळते. कुतारागी गेमिंग कंपनीचे प्रमुख झाले, सोनीच्या सर्वोच्च वर्तुळात पोचले. पण प्लेस्टेशन त्यांचं नव्हतं.

शिवाय यशस्वी धंद्यावर मूळ कंपनी आपली ओझी लादते. २००६मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे यंत्रणा होती, कारण चित्रपटांच्या नव्या तबकडीची स्पर्धा सोनीला जिंकायची होती. त्या यंत्रणेने आणि कुतारागींनी आग्रहाने बसवलेल्या नव्या महागड्या प्रोसेसरने यंत्राचा खर्च वाढला. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर ठेवूनही सोनीला प्रत्येक यंत्रामागे तोटा सोसावा लागला. ब्लू-रे पुढे जिंकली, पण गेमिंगच्या धंद्याने त्याची मोठी किंमत मोजली. २००७मध्ये कुतारागी गेमिंग कंपनीच्या नेतृत्वातून बाजूला झाले.

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि मनात नवी कल्पना घोळत असलेल्या वाचकाने राजीनामा द्यायचा की तिथेच राहून धडपडायचं, हे ठरवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. कल्पनेला लागणारी साधनं बाहेर पैशाने विकत मिळतात का? मिळत असतील, तर कंपनीत राहण्याचं मोठं कारण उरत नाही. आपल्या कल्पनेने कंपनीचा कुठला चालू धंदा दुखावतो? दुखावत असेल, तर त्या विभागापेक्षा वरच्या अधिकाऱ्याचा पाठिंबा हवा आणि तो तोंडी नको, वेगळ्या निधीच्या आणि वेगळ्या जागेच्या रूपात हवा. आणि नेमणुकीच्या करारात शोधाच्या मालकीबद्दल काय लिहिलं आहे? ते कलम कामाला हात घालण्यापूर्वी वाचावं, कारण त्यानंतर जे घडेल ते बहुधा कंपनीचंच असेल.

कारखाने, माणसं आणि बाजारपेठ एका माणसाला मिळवता येणार नाहीत इतकी मोठी लागत असतील, तर मालकी सोडून कंपनीतच राहणं हा शहाणपणाचा सौदा ठरतो. फक्त आपण काय देऊन काय घेत आहोत, हे पहिल्या दिवशीच माहीत असायला हवं.