मंगळवार, 17 मार्च, सायंकाळी 5

सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यात माझ्या इनबॉक्समध्ये मुदतवाढ मागणाऱ्या मेलची रांग लागते. दोन तुकड्या मिळून सव्वाशेच्या आसपास मुलं. त्यातल्या दहा-बारा जणांना तरी असाइनमेंट वेळेवर देणं जमत नाही. कारणं बहुधा खरी असतात, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते. कुणाला डेंग्यू झालेला असतो, कुणाच्या घरी मयत झालेली असते, कुणाचे वडील दवाखान्यात असतात. तरीही या मेलपैकी निम्म्यांना मला लगेच उत्तर देता येत नाही, कारण त्यांत एकच गोष्ट नसते. ती म्हणजे नवी तारीख.

‘मॅडम, थोडा वेळ द्या, लवकरात लवकर देते’ असं मूल लिहितं. त्यात त्याची तळमळ असते, पण त्यावर मी हो म्हणायचं ते कशाला? अंतर्गत मूल्यमापनाचे गुण प्राध्यापकाला ठरलेल्या दिवसापर्यंत विद्यापीठाच्या पोर्टलवर भरावे लागतात. तो दिवस गेला की पोर्टल बंद होतं. मग परीक्षा विभागाकडे अर्ज, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांचं पत्र असं सगळं मागे लागतं आणि तरीही काम होईलच असं नाही. विद्यार्थ्यांना वर्गात सांगितलेली मुदत तेवढी दिसते. तिच्यामागे प्राध्यापकाचीही एक मुदत असते. सवलत द्यायची ती या दोन तारखांच्या मधल्या जागेत, आणि त्याच जागेत साऱ्या वह्या तपासायच्याही असतात. बहुतेक वेळा ही जागा आठ-दहा दिवसांचीच असते.

म्हणून मला एक मेल फार मोलाचा वाटला. दुसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा. ओळख पटेल असे तपशील बदलून तो इथे देते.

विषयाच्या जागी तिने लिहिलं होतं: ‘असाइनमेंट 2 साठी 17 मार्चपर्यंत मुदतवाढीची विनंती – एस.वाय.बी.ए. अर्थशास्त्र, रोल नं. 42’. पुढचा मजकूर असा:

‘आदरणीय मॅडम, आठवडे बाजारावरची आपली असाइनमेंट शुक्रवारी, 13 मार्चला द्यायची आहे. रविवारी रात्री माझ्या वडिलांचा दुचाकीवरून अपघात झाला. त्यांच्या मांडीच्या हाडाचं काल ऑपरेशन झालं. भाऊ नोकरीनिमित्त परराज्यात असल्याने दवाखान्यात मी थांबले आहे. शुक्रवारी संध्याकाळी आत्या येणार आहे, त्यानंतर मी मोकळी होईन. 30 विक्रेत्यांच्या मुलाखती आणि तक्ते पूर्ण झाले आहेत, ते सोबत जोडले आहेत. विश्लेषण आणि निष्कर्ष लिहायचे राहिले आहेत. मंगळवार, 17 मार्च, सायंकाळी 5 वाजेपर्यंत पूर्ण असाइनमेंट दिली तर चालेल का? दवाखान्याची कागदपत्रं हवी असल्यास दाखवीन.’ खाली नाव आणि मोबाईल नंबर.

मेल बुधवारी सकाळी आला होता, म्हणजे मुदतीच्या दोन दिवस आधी.

तारखेसाठी तिने केलेला हिशेब मला नंतर तिच्याकडूनच कळला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत दवाखाना, म्हणून ते दिवस तिने शून्य धरले. विश्लेषणाला एक दिवस आणि लिहायला एक, ते शनिवार-रविवार. सोमवारी गावाहून परत यायचं. खरं तर सोमवारी रात्रीही फाईल पाठवता आली असती. पण एसटी उशिरा पोचली, वडिलांना ताप आला, तर काय, म्हणून तिने एक दिवस हाताशी ठेवला. मुदतवाढ मागताना अपराधी वाटतं, आणि त्या भरात मुलं अगदी कमी दिवस मागतात. तीही तारीख हुकली की दुसरा मेल लिहावा लागतो, आणि दुसऱ्या वेळी शिक्षकाचा विश्वास पहिल्याइतका राहत नाही. याउलट वडिलांच्या ऑपरेशनसाठी कुणी सरसकट पंधरा दिवस मागितले, तर मला माझी तारीख आठवते आणि नाही म्हणावं लागतं. उरलेलं काम किती दिवसांचं आहे आणि त्यातले कोणते दिवस खरोखर आपल्या हातात आहेत, एवढं कागदावर मांडलं की मधली तारीख सापडते.

जोडलेल्या तक्त्यांनी आणखी एक काम केलं. काम सुरू होतं, मग अडथळा आला, हे मला डोळ्यांनी दिसलं. डॉक्टरांच्या दाखल्यापेक्षा मला अर्धवट फाईल जास्त सांगते. शिवाय पुढे काही बिनसलंच असतं, तर तेवढ्या कामाला तरी गुण देता आले असते.

कारण किती सांगावं, याबद्दल मुलं गोंधळतात. काही जण सलाईन लावलेल्या आईचा फोटो पाठवतात. तो पाहून मला वाईट वाटतं ते त्या आईसाठी, कारण तिला कुणी विचारलेलं नसतं. काय झालं, केव्हा झालं आणि त्यामुळे माझे कोणते दिवस गेले, या तीन गोष्टी पुरेत. वडिलांचं व्यसन, घरातलं भांडण, मनाचं आजारपण असं लिहायला जड जाणारं काही असेल, तर ‘घरगुती अडचण आहे, प्रत्यक्ष भेटून सांगेन’ एवढंही चालतं. न झालेलं आजारपण मात्र लिहू नये. खोटं कारण लक्षात ठेवून वागावं लागतं, आणि तीन दिवस तापाने फणफणलेला मुलगा त्याच दिवशी गॅदरिंगच्या स्टेजवर दिसतो, तेव्हा पुढच्या वर्षीच्या खऱ्या तापावरही विश्वास बसत नाही.

मेल मराठीत लिहावा की इंग्रजीत, हा प्रश्न मला गौण वाटतो. ज्या भाषेत वर्गात बोलतो त्या भाषेत लिहावा. शाळेत शिकलेल्या अर्जातलं ‘वरील विषयास अनुसरून’ आणि ‘आपला आज्ञाधारक’ नसलं तरी आदर कमी होत नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या इंग्रजी नमुन्यात मात्र दुसऱ्याच कुणाच्या विषयाचं नाव तसंच राहून गेलेलं मी तीनदा पाहिलं आहे.

मेल पाठवला आणि उत्तरच आलं नाही तर? मौनाला होकार समजू नका. शिक्षक परीक्षेच्या ड्यूटीवर असतील, मेल पाहिलाही नसेल. एक दिवस थांबून स्टाफरूममध्ये जा. जाता येत नसेल तर विभागात फोन करा किंवा सीआरला निरोप द्यायला सांगा. तरीही काही कळलं नाही, तर मूळ मुदतीच्या आत जेवढं झालं आहे तेवढं जमा करा. Google Classroom वर मुदत उलटली की नावापुढे ‘Missing’ दिसतं, आणि काही शिक्षक मुदतीनंतर काम स्वीकारणंच बंद ठेवतात. अशा वेळी नवी फाईल कुठे द्यायची, मेलवर की छापील प्रत हातात, हेही विचारून घ्यावं. एका मुलाला मी तोंडी परवानगी दिली होती. त्याने बंद झालेल्या जागी फाईल चढवायचा दोन दिवस प्रयत्न केला आणि संकोचाने मला विचारलंच नाही. त्याचे गुण वाचले ते केवळ त्याच्या मित्राने येऊन सांगितलं म्हणून.

त्या विद्यार्थिनीला मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं होतं: मंगळवारी चालेल, याच मेलवर पाठव, वडिलांना जप. पोर्टलसाठी माझी तारीख 25 मार्च होती. तिची फाईल मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास आली. बाकीच्या वह्यांबरोबरच मी ती तपासली आणि उशिराबद्दल एकही गुण कापला नाही.