दोन वाइंडिंगमधलं अंतर

नीरा उजव्या कालव्याखालचा फलटण तालुका उसाचा. साखरवाडी काय किंवा श्रीराम कारखाना काय, गळिताचा हंगाम जवळ आला की ट्रॉल्या दुरुस्तीला निघतात आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिवसभर ठिणग्या उडत राहतात. वेल्डर चार मिलिमीटरची, म्हणजे आठ नंबरची रॉड होल्डरला लावतो, लोखंडाला टेकवतो आणि किंचित उचलतो. रॉड टेकते त्या क्षणी मशीनची सेकंडरी सरळ शॉर्ट झालेली असते. गावच्या डीपीच्या सेकंडरीवर हेच झालं तर फ्यूज उडतो आणि निम्मी वस्ती अंधारात जाते. वेल्डर मात्र हा शॉर्ट रोज शेकडो वेळा मुद्दाम करतो आणि मशीनला काही होत नाही. दोन्हीकडे वस्तू त्याच आहेत: पत्र्यांचा कोअर, प्रायमरी आणि सेकंडरी. फरक आहे तो दोन्ही वाइंडिंग कुठे बसवली आहेत यात. लीकेजला कारागिरीतली उणीव समजण्याची सवय आपल्याला पाठ्यपुस्तकांनी लावली आहे. खरं तर ट्रान्सफॉर्मर बांधणारा ते आधीच ठरवत असतो, आणि ठरवतो ते वाइंडिंगच्या जागेवरून.

लोडवर असताना प्रायमरी आणि सेकंडरीतले करंट एकमेकांच्या विरुद्ध चुंबकत्व निर्माण करतात. कोअरमध्ये ते एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, पण दोन वाइंडिंगच्या मधल्या जागेत ते खोडले जात नाहीत. तिथून काही चुंबकरेषा हवेतून जातात आणि एकाच वाइंडिंगला वेढून परततात. हेच लीकेज. ते किती, हे मधल्या फटीवर आणि वाइंडिंगच्या जाडीच्या एक तृतीयांशावर अवलंबून असतं. उंची वाढली की ते कमी होतं, आणि वेढे वाढले की वर्गाच्या प्रमाणात वाढतं. समजा, डीपीमध्ये एकावर एक चढवलेली दोन वाइंडिंग प्रत्येकी तीन सेंटिमीटर जाड आहेत आणि मध्ये एक सेंटिमीटरची फट आहे. हिशेबात येतात एक अधिक दोन, म्हणजे तीन सेंटिमीटर. आता आतल्या वाइंडिंगचे दोन भाग करून एक आत आणि एक बाहेर ठेवला, तर लीकेज चौथाईवर यायला हवं. पण फट आता दोनदा द्यावी लागते, म्हणून ते तिसऱ्या हिश्शावर थांबतं. तेवढंच तांबं, तेवढंच लोखंड, फक्त क्रम बदलला. डीपीतही लीकेज शून्यावर नेत नाहीत, हे इथे लक्षात घ्यावं. साधारण साडेचार टक्के ठेवतात, म्हणजे शॉर्ट झाल्यास करंट पूर्ण लोडच्या बावीसपट होऊन थांबतो आणि वाइंडिंग त्या धक्क्यात टिकतं. म्हणजे तिथलं कमी लीकेजही हिशेबानेच ठेवलेलं असतं.

वेल्डिंग सेटचा पत्रा काढून पाहिलं तर चित्र एकदम वेगळं दिसतं. वाइंडिंग एकावर एक नसतात. त्याच उभ्या कोअरवर एक खाली, एक वर अशी असतात, आणि मध्ये बरीच मोकळी जागा असते. एक पक्कं, दुसरं लांब स्क्रूवर. वरचं हँडल फिरवलं की ते वर-खाली सरकतं. मधल्या जागेत चुंबकरेषा कोअरच्या एका पायावरून दुसऱ्यावर हवेतून उडी घेतात, आणि अंतर वाढलं की उडी मारायला जागाही वाढते. म्हणून वाइंडिंग लांब नेली की करंट कमी होतो, जवळ आणली की वाढतो. काही सेटमध्ये वाइंडिंग हलत नाहीत. त्यांच्यामध्ये लोखंडाचा ठोकळा आत-बाहेर सरकतो आणि रेषांना हवेपेक्षा सोपी वाट देतो. तिथे ठोकळा आत गेला की करंट उतरतो. हा ठोकळा ढिला झाला की मशीन घरघरायला लागतं आणि करंट आपोआप बदलत राहतो.

आकड्यांत पाहू. सेट रिकामा असताना ७५ व्होल्ट देतो. आठ नंबरच्या रॉडला १५० अँपिअर हवेत, आणि तेवढ्या करंटला आर्कवर साधारण २६ व्होल्ट लागतात. आर्क रोधासारखा वागतो आणि लीकेजचा व्होल्टेज त्याच्याशी काटकोनात असतो, म्हणून लीकेजवर ७५ वजा २६, म्हणजे ४९ व्होल्ट पडत नाहीत. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढलं की ७० व्होल्ट येतात. भागाकार केला की रिअ‍ॅक्टन्स ०.४७ ओहम. आता रॉड चिकटली तर करंट १६० अँपिअर, आणि हात थरथरून आर्क ३२ व्होल्टपर्यंत लांबला तरी १४५. वेल्डरचा हात कितीही हलला तरी करंट जवळजवळ जागेवर राहतो. हाच सेट डीपीसारखा साडेचार टक्क्यांवर बांधला असता, तर रॉड टेकताच तेहेतीसशे अँपिअर धावले असते.

मग एखादा जाड रोध जोडला असता तर? करंट त्यानेही आवरतो. पण त्या रोधात ४९ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर, म्हणजे सात किलोवॉटहून जास्त उष्णता फुकट गेली असती, आणि आर्कला मिळतात जेमतेम चार. त्याहून मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते फारसं कोणी सांगत नाही. एसी आर्क सेकंदाला शंभर वेळा विझतो. रोध असेल तर करंट शून्य होतो तेव्हा व्होल्टेजही शून्यच असतो, मग आर्क पुन्हा पेटवणार कोण? लीकेजमुळे करंट जवळजवळ सत्तर अंश मागे पडतो. त्यामुळे तो शून्यावर येतो त्या क्षणी सेकंडरीवर शंभरेक व्होल्ट उभे असतात आणि आर्क लगेच परत धरतो. वेगळा चोक लावूनही हे साधतं, आणि तशी मशीनं आहेतही. पण त्याला दुसरा कोअर आणि दुसरं तांबं लागतं. इथे तेच काम मधली मोकळी जागा करते.

याची किंमत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पॉवर फॅक्टर उतरतो ०.३५ वर. चार किलोवॉटच्या आर्कसाठी डीपीवरून सव्वाअकरा केव्हीए ओढले जातात, म्हणजे ४१५ व्होल्टच्या दोन फेजवर २७ अँपिअर. ६३ केव्हीएच्या डीपीची फेजमागे क्षमता ८४ अँपिअर, तिचा तिसरा हिस्सा एका वेल्डरने खाल्ला. शेजारच्या घरातला दिवा मिणमिणतो तो म्हणूनच. प्रायमरीला कपॅसिटर जोडला तर हा भार बराच उतरतो. इन्व्हर्टर मशीन ही अडचण बरीच कमी करतं आणि वजनालाही हलकं असतं. ज्याच्याकडे स्वच्छ जागा आणि स्थिर व्होल्टेज आहे त्याने तेच घ्यावं. पण लोखंडाचा कीस उडत असलेल्या शेडमध्ये, ज्यात जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नाही असा सेट अजून टिकून आहे, यात नवल नाही.

खरा धोका रिवाइंडिंगमध्ये आहे. मोटारी भरणाऱ्या कारागिराला वाइंडिंग घट्ट जवळ बसवण्याची सवय असते. त्याने ती एकावर एक चढवली, तर रिकाम्या सेटवर व्होल्टमीटर बरोबर ७५ दाखवतो आणि रॉड टेकताच फ्यूज जातो. तांबं वाचवायला दोन्हीकडचे वेढे दहा टक्क्यांनी कमी केले, तरी व्होल्टेज तेवढाच राहतो. पण लीकेज जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटतं, शॉर्टचा करंट १६० वरून १९७ वर जातो आणि कोअरही जास्त तापतो. म्हणून भरून आलेला सेट नुसत्या व्होल्टेजवर ताब्यात घेऊ नये. हँडल नेहमीच्या खुणेवर ठेवा, रिकाम्या सेटचा व्होल्टेज घ्या, मग होल्डर दोन-तीन सेकंद अर्थ क्लँपला टेकवून टाँग टेस्टरने करंट बघा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागल्यावर उत्तर जुन्या सेटच्या आसपास येत नसेल, तर पैसे देण्याआधी सेट परत करा.