सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त: मराठीत एक, इंग्रजीत भलतंच होऊ नये म्हणून काय करावं?

तालुक्याच्या गावात आता बाजारपेठेच्या मागे, बसस्टँडजवळ तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. गावाकडच्या अनेक कुटुंबांचा पुण्या-मुंबईतही एखादा फ्लॅट असतो. या सगळ्यांच्या गृहनिर्माण सोसायट्या असतात, त्यांच्या सभा होतात आणि प्रत्येक सभेचं इतिवृत्त लिहावं लागतं. सोसायटीत दुसऱ्या राज्यातले सदस्य असले किंवा एखादा फ्लॅटमालक बाहेर नोकरीला असला, की इतिवृत्त मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मागितलं जातं. नेमकं इथंच घोळ होतो. दोन भाषांत दोन वेगळे निर्णय लिहिले जातात आणि पैसे भरायची वेळ आली की वाद पेटतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, २४ फ्लॅटची एक सोसायटी आहे. गच्ची गळते आहे. १२ एप्रिलला विशेष सर्वसाधारण सभा झाली. आदर्श उपविधीनुसार गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी असेल तो आकडा लागतो. म्हणजे इथं १६ सदस्य हवेत. हजर होते १८, त्यामुळे सभा भरली. तीन ठेकेदारांचे दर वाचून दाखवले. त्यातला २ लाख ४० हजारांचा दर पसंत पडला. १४ जणांनी बाजूने हात वर केले, तिघांनी विरोध केला, एक जण तटस्थ राहिला.

सभेनंतर सचिवांनी मराठीत लिहिलं: "गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली. काम लवकर करून घेण्याचे सर्वानुमते ठरले. कमिटी बघेल." इंग्रजी प्रत दुसऱ्याच कुणी तरी केली. त्यात 'डिस्कस्ड' एवढाच शब्द आला, म्हणजे फक्त चर्चा झाली.

आता इंग्रजी प्रत वाचणारा सदस्य म्हणतो, "निर्णयच झाला नाही, मी वर्गणी का देऊ?" विरोध करणारे तिघे म्हणतात, "आम्ही विरोध केला होता, मग सर्वानुमते कसं?" आणि कमिटीतला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. थकबाकी वसुलीसाठी निबंधकांकडे जायची वेळ आली, तर अशा ठरावाची नक्कल सोसायटीच्या काय कामाची?

चर्चा वेगळी, ठराव वेगळा

चर्चा दोन-तीन ओळींत लिहावी. कोण काय बोललं ते सगळं उतरवायची गरज नाही. ठराव मात्र स्वतंत्र परिच्छेदात आणि क्रमांक देऊन लिहावा. वरच्या सभेचा ठराव असा हवा होता:

"ठराव क्र. ३: असे ठरले की, गच्चीचे वॉटरप्रूफिंग सर्वात कमी दर देणाऱ्या ठेकेदाराकडून रु. २,४०,००० (अक्षरी रुपये दोन लाख चाळीस हजार) इतक्या खर्चात करून घ्यावे. प्रत्येक फ्लॅटधारकाने रु. १०,००० दोन समान हप्त्यांत भरावेत. पहिला हप्ता ३० एप्रिलपर्यंत, दुसरा २० मेपर्यंत. सूचक: फ्लॅट २०१, अनुमोदक: फ्लॅट १०४. बाजूने १४, विरोधात ३, तटस्थ १. ठराव बहुमताने मंजूर."

सूचक आणि अनुमोदक यांची खरी नावं फ्लॅट क्रमांकासोबत लिहावीत. इंग्रजी प्रतीतही हाच ठराव क्रमांक ३ राहील आणि त्याची सुरुवात 'रिझॉल्व्ड दॅट' अशी होईल. मराठीत सहा ठराव असतील तर इंग्रजीतही सहाच हवेत, त्याच क्रमाने.

भाषांतरात फसवणारे शब्द

'सर्वानुमते' म्हणजे एकानेही विरोध केला नाही. एक जरी हात विरोधात असला तरी 'बहुमताने' लिहावं. इंग्रजीत यासाठी 'युनॅनिमसली' आणि 'बाय मेजॉरिटी' असे वेगळे शब्द आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

'सुचवले' म्हणजे ठरले नव्हे. कुणी सीसीटीव्ही लावायला सुचवलं आणि मतदान झालंच नाही, तर इंग्रजीत 'सजेस्टेड' लिहावं, 'रिझॉल्व्ड' नाही.

'पर्यंत' हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. "२० मेपर्यंत पैसे भरावेत" याचं इंग्रजी 'बाय' शब्दाने होतं. 'टिल' लिहिलं तर अर्थ होतो, २० मे येईपर्यंत भरत राहा.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहावा. ५/४ लिहिलं तर कुणी ५ एप्रिल वाचतो, कुणी ४ मे. 'परवा' आणि 'येत्या रविवारी' हे शब्द इतिवृत्तात नकोतच. रकमेचा स्वल्पविरामही दोन्ही प्रतींत एकाच ठिकाणी असावा: २,४०,०००.

काम कुणाचं? नाव लिहा

"करण्यात येईल" असं लिहिलं, की काम करणारा माणूसच वाक्यातून गायब होतो. इंग्रजीतही तसंच होतं. म्हणून प्रत्येक ठरावाखाली तीन गोष्टी लिहाव्यात: काम, माणूस आणि तारीख. वरच्या ठरावाखाली त्या अशा येतील:

- ठेकेदाराला कामाचा लेखी आदेश देणे: सचिव, २५ एप्रिलपर्यंत
- वर्गणी गोळा करून पावत्या देणे: खजिनदार, २० मेपर्यंत
- कामावर रोज नजर ठेवणे: फ्लॅट ३०२ चे सदस्य, काम संपेपर्यंत

पदाच्या पुढे त्या व्यक्तीचं नावही लिहावं, कारण उद्या सचिव बदलू शकतो. एका कामाला एकच नाव असावं. मदतनीस चार चालतील, पण जबाब देणारा एकच. त्या माणसाने सभेत 'हो' म्हटलेलं असावं. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम घातलं, तर ते पडूनच राहतं.

लिहायचं कसं?

विषयपत्रिकेवरून ठरावाचा मराठी आणि इंग्रजी कच्चा मसुदा सभेआधीच करून ठेवावा. रक्कम, नावं आणि तारखांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. सभेत मतदानाआधी ठराव दोन्ही भाषांत मोठ्याने वाचून दाखवावा. अर्थात फरक असला तर तो तिथंच पकडला जातो.

मोबाईलवर पाठवताना शेजारी-शेजारी दोन रकाने करू नयेत, छोट्या स्क्रीनवर अक्षर बारीक होतं. मराठी ठराव आणि लगेच खाली त्याचाच इंग्रजी ठराव अशी मांडणी ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत फक्त माहितीसाठी असते. खरं इतिवृत्त ते, जे पानांना क्रमांक असलेल्या इतिवृत्त पुस्तकात अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने असतं. त्यात पांढरी शाई लावून खाडाखोड करू नये. चुकलेल्या शब्दावर एक रेघ मारून बाजूला सही करावी.

शेवटी एक ओळ दोन्ही प्रतींत टाकावी: "दोन्ही भाषांत फरक आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा." मात्र कमिटीने ही ओळ परस्पर टाकू नये, सभेत तसा ठराव करून घ्यावा.

इतिवृत्ताचा मसुदा किती दिवसांत सदस्यांना पाठवायचा आणि हरकती कधीपर्यंत घ्यायच्या, हे सोसायटीच्या उपविधीत दिलेलं असतं. प्रत हातात आली की सदस्यांनी आधी आकडे, तारखा आणि स्वतःचं नाव दोन्ही भाषांत ताडून पाहावं. काही चुकलं असेल तर मुदतीत लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं, की मग दुरुस्ती करून घेणं अवघड जातं.