वय झालं, चालायचंच?

बहात्तर वर्षांच्या आजींना मुलगा घेऊन आला, तेव्हा त्यांची फाइल बरीच जाड झाली होती. पोटात जळजळ, अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं झालेलं, सगळं ठीक. "मन उदास असतं का?" असं विचारलं तर आजी म्हणाल्या, "मनाला काय धाड भरलीय? अन्नच जात नाही." मुलगा म्हणाला, "वय झालं, डॉक्टर. हल्ली विसरतेसुद्धा."

वृद्धांचं नैराश्य असंच निसटतं. मनाची तक्रार सांगायची सवय या पिढीला नाही, म्हणून ती पोटातून आणि सांध्यांतून बोलते. आजींना मधुमेह होता, त्यामुळे थकवा त्याच्या खात्यावर गेला. भजनाला जाणं बंद झालं, ते घरच्यांना विरक्ती वाटली.

म्हातारपणी झोप सावध होते, नावं पटकन आठवत नाहीत, गुडघे जिना चढू देत नाहीत. पण गोडी जात नाही. देवळात जाता आलं नाही, तरी कोण कोण आलं होतं हे आजी विचारतात. या आजींचे पाय धड होते, जावंसंच वाटत नव्हतं. तीन महिन्यांत वजन चार किलो उतरलं होतं. पहाटे साडेतीनला जाग यायची, सकाळ सर्वांत जड जायची आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटायचं.

विसरण्याचंही तसंच. वार विचारला की प्रयत्न न करताच "मला नाही ठाऊक." स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेतो. हा फरक पक्का नसतो. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असतं, म्हणून मन सावरल्यावर स्मरणशक्ती पुन्हा तपासावी लागते.

वृद्धांसाठी पंधरा हो-नाही प्रश्नांची एक चाचणी आहे. तिच्यात झोप आणि भूक यांबद्दल प्रश्नच नाहीत, कारण त्या वयानेही बदलतात. आयुष्य रिकामं वाटतं का, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं का, असं ती विचारते. पाचांपेक्षा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी. आजींचे दहा आले.

"देवानं आता न्यावं" हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, म्हणून कुणी थांबून ऐकत नाही. मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग रडल्या. त्या दिवसापासून घरातल्या गोळ्या सुनेच्या ताब्यात गेल्या आणि आजींना कुणी एकटं सोडलं नाही.

थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं. औषध निम्म्या मात्रेनं सुरू केलं. या वयात त्यानं रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि माणूस गोंधळतो, म्हणून दोन आठवड्यांनी तेही पाहिलं. गुण यायला महिना-दीड महिना लागतो, कधी जास्तही. नेमकं त्याच काळात "फरक नाही" म्हणून औषध बंद होतं, हे घरच्यांना आधीच बजावलं होतं.

सातव्या आठवड्यात सुनेचा फोन आला. आजी सकाळपासून टाळ शोधत होत्या.