मुलांना ठाऊक आहे

‘वय ६६, निवृत्त, निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, मुले सेटल, जबाबदारी नाही.’ पत्नी गेल्यावर सोबत शोधणाऱ्या गृहस्थांचं परिचयपत्र बहुधा याच साच्यात येतं. त्यातले ‘जबाबदारी नाही’ हे शब्द लिहिणाऱ्याला जमेची बाजू वाटतात. पण ते वाचणारी बाई स्वतः पन्नाशी-साठीची असते. तिलाही बहुधा मुलं, सुना, नातवंडं असतात. तिच्या मनात वेगळेच प्रश्न उभे राहतात. मुलांनी यांना एकटं सोडलंय का? मी गेले तर ती माझ्याकडे कशी बघतील? मुळात त्यांना हे ठाऊक तरी आहे का?

उतारवयातल्या नात्यात अडचण बहुतेक वेळा दोघांच्या स्वभावापाशी येत नाही, ती मुलांपाशी येते. म्हणून मुलांविषयीच्या चार ओळी मला या पत्रातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या वाटतात. त्यांत पदव्या, पगार आणि परदेशातली शहरं घालून उपयोग नाही. मुलं कशी वागतात हे लिहिलं, तर माया न सांगताही दिसते.

वरच्याच गृहस्थांचं पत्र असं लिहिता येईल:

‘वय ६६. सांगलीत राहतो. सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन आहे. पत्नी चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. आमचा संसार सुखाचा झाला. मुलगी पुण्यात असते. रोज रात्री तिचा फोन येतो आणि मी काय जेवलो याची ती उलटतपासणी घेते. मुलगा नाशिकला आहे. तो कमी बोलतो, पण माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा काढून येऊन राहिला होता. सोबतीचा विचार मी दोघांशी बोललो आहे. मुलगी लगेच हो म्हणाली. मुलाला आईच्या आठवणीने जड गेलं, पण आता त्याचीही संमती आहे. मला वरण-भात, पोहे, दोन-तीन भाज्या करता येतात. सकाळी कृष्णाकाठी फिरतो, संध्याकाळी गाणं ऐकतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. लग्नाची तयारी आहे. नुसतं एकत्र राहणं पसंत असेल तर त्यावरही बोलू. तुमच्या मुलांनाही भेटायला आवडेल.’

मुलाला जड गेल्याचं वाक्य गाळावंसं वाटेल, पण माझ्या मते ते ठेवावं. सगळे पहिल्या दिवसापासून आनंदात आहेत, यावर जाणती बाई विश्वास ठेवत नाही. गेलेल्या पत्नीविषयी मात्र एकच वाक्य पुरे. तिच्याबद्दल परिच्छेदभर लिहिलं, तर येणारीला त्या घरात आपल्याला जागा नाही असं वाटेल. स्वयंपाकाचा उल्लेखही हवाच, नाहीतर गृहस्थ सोबत शोधताहेत की घरकामाला बाई, अशी शंका येते आणि ती रास्त असते.

लग्न की सहजीवन, हे स्पष्ट करण्यामागे व्यवहार आहे. समोरच्या बाईंना पतीमागे कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत असेल, तर पुनर्विवाहानंतर ते बहुधा थांबतं. तिने तिच्या बाबतीतला नियम आधी तपासून घ्यावा. घराचंही तसंच. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता हे गृहस्थ गेले आणि त्यांची आई हयात नसेल, तर त्यांच्या मालमत्तेत नवी पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा मिळतो. विवाह नसेल, तर सोबतिणीला वारस म्हणून काहीच मिळत नाही. मुलांच्या मनातली भीती आणि बाईंच्या मनातली असुरक्षितता, दोन्हींचं मूळ इथे असतं. पत्र पाठवण्याआधीच मुलांसमोर हा विषय काढावा आणि वकिलाच्या सल्ल्याने मृत्युपत्राचा आराखडा ठरवावा. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ च्या सुमारास ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ सुरू केलं. लग्नाचा आग्रह न धरता ज्येष्ठांनी एकत्र राहावं, ही वाट त्यामुळे बऱ्याच जणांच्या ओळखीची झाली.

पत्रात पत्ता, फ्लॅटची किंमत, पेन्शनचा आकडा, मुलांची नावं आणि त्यांच्या कंपन्या लिहू नयेत. एकट्या, पैसेवाल्या ज्येष्ठांना हेरणारेही ही पत्रं वाचतात. भेटीआधीच कुणी अडचण सांगून पैसे मागितले, तर तिथेच थांबून मुलांना कळवावं.

पाठवण्यापूर्वी मजकूर मुलीला आणि मुलाला वाचायला द्यावा. आपल्याविषयी बाबांनी काय लिहिलंय ते त्यांना कळतं. एखादी ओळ त्यांना खटकली, तर ती बदलताना घरात राहून गेलेलं बोलणंही होतं. मुलगा ‘हे वाक्य काढा’ म्हणाला, तर आधी का ते विचारावं. त्याची संमती खरोखर आहे की नाही हे तेव्हाच कळेल. ती नसेल, तर पत्र महिनाभर थांबवलं तरी चालेल.