हॉल एक, कार्यक्रम सहा आणि सिद्धतेचे मार्क

एका संस्थेचा एकच हॉल आहे. एका दिवसासाठी सहा अर्ज आलेत. वेळा चोवीस तासांच्या घड्याळाने अशा: क 8 ते 17, ख 9 ते 11, ग 10 ते 12, घ 12 ते 14, च 13 ते 15 आणि छ 15 ते 17. एका वेळी एकच कार्यक्रम होऊ शकतो, पण एक संपला त्याच क्षणी दुसरा सुरू झाला तरी चालतं. भाड्याचा विचार नाही. जास्तीत जास्त कार्यक्रम बसवायचे, एवढीच अट.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न ‘ॲक्टिव्हिटी सिलेक्शन’ या नावाने भेटतो. त्याचं उत्तर वर्गातल्या बहुतेकांना पाठ असतं: जो कार्यक्रम सगळ्यात आधी संपतो तो घ्या, त्याच्याशी टक्कर होणारे खोडा, उरलेल्यांतून पुन्हा सगळ्यात आधी संपणारा घ्या. इथे ख, मग घ, मग छ, असे तीन कार्यक्रम बसतात. एकदा घेतलेला निर्णय मागे फिरवायचा नाही, पुढचा विचार करायचा नाही, समोर जे बरं दिसेल ते उचलायचं, म्हणून ही ‘ग्रीडी’ पद्धत. पेपरात मात्र पुढचा प्रश्न येतो: ही पद्धत नेहमीच सर्वोत्तम उत्तर देते हे सिद्ध करा. मार्क जातात ते इथे.

सिद्धता मागण्याचं कारण आधी समजून घेऊ. तितक्याच साध्या आणि तितक्याच पटणाऱ्या दुसऱ्या युक्त्या चक्क चुकतात. ‘आधी सुरू होणारा आधी घ्या’ म्हटलं तर आपल्या यादीतला क निवडला जातो आणि तो 17 वाजेपर्यंत हॉल अडवून बसतो. तिनाऐवजी एकच कार्यक्रम होतो. ‘सगळ्यात छोटा आधी घ्या’ हेही ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण 9 ते 12, 12 ते 15 आणि 11 ते 13 असे तीन अर्ज असतील, तर दोन तासांचा मधला कार्यक्रम निवडला जाईल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन तासांचे कार्यक्रम बाद होतील. दोन बसत होते तिथे एकच बसला. म्हणून ‘लवकर संपणारा घेतला की पुढे जास्त वेळ उरतो, त्यामुळे ही पद्धत बरोबर’ एवढं लिहून भागत नाही. कल्पना खरी आहे, पण तशीच कल्पना छोट्या कार्यक्रमांबद्दलही करता आली असती.

उत्तरपत्रिकांत नेहमी दिसणारी आणखी एक वाट अशी: ‘समजा ग्रीडीपेक्षा वेगळं असं एक सर्वोत्तम उत्तर आहे...’ आणि चार ओळींनंतर ‘म्हणून विसंगती’. विसंगती कसली? आपल्याच यादीत ग, च, छ हेही तीन कार्यक्रम बसतात. तिनापेक्षा जास्त बसूच शकत नाहीत, कारण ख-ग, घ-च आणि छ-क या तीन जोड्यांत आपापसात टक्कर आहे आणि प्रत्येक जोडीतून फार तर एकच घेता येतो. म्हणजे ग, च, छ हे उत्तरही सर्वोत्तमच आहे आणि ग्रीडीपेक्षा वेगळंही आहे. सर्वोत्तम उत्तरं अनेक असू शकतात. त्यामुळे सिद्धतेत दुसऱ्या उत्तराला खोटं पाडायचं नसतं. त्यातला एकही कार्यक्रम कमी न करता त्याला ग्रीडीच्या उत्तराकडे वळवायचं असतं. यालाच ‘एक्स्चेंज आर्ग्युमेंट’ म्हणतात. अदलाबदल करायची आणि काही बिघडलं नाही हे दाखवायचं.

ती अशी लिहावी. सगळ्या अर्जांत सर्वांत आधी संपणारा कार्यक्रम g माना. कोणतंही एक सर्वोत्तम उत्तर O घ्या आणि O मधला सर्वांत आधी संपणारा कार्यक्रम j माना. j आणि g एकच असतील तर करण्यासारखं काही नाही. वेगळे असतील तर O मधून j काढा आणि तिथे g ठेवा. आता O मधला उरलेला कोणताही कार्यक्रम k घ्या. k ची j शी टक्कर नव्हती आणि तो j च्या आधी संपत नाही, म्हणून तो j संपल्यावरच सुरू होतो. सुरुवातीची वेळ s आणि संपण्याची वेळ f धरली, तर

f(g) ≤ f(j) ≤ s(k)

म्हणजे g ची कोणाशीच टक्कर नाही. एक गेला, एक आला, संख्या तितकीच राहिली. अर्थात नवं उत्तरही सर्वोत्तम आहे आणि त्यात g आहे. आपल्या यादीत g म्हणजे ख आणि j म्हणजे ग. अदलाबदल केली की ग, च, छ चं ख, च, छ होतं.

या सिद्धतेचा जीव वरच्या एका ओळीत आहे. विद्यार्थी ‘j च्या जागी g ठेवू’ असं लिहितात आणि टक्कर होत नाही हे तपासायचं विसरतात. किंवा O मधला कुठलाही कार्यक्रम काढतात, आणि मग ही असमानता लागूच होत नाही. छोट्या कार्यक्रमाच्या युक्तीवर हाच प्रयोग केला की फरक दिसतो: 11 ते 13 आत आणायचा तर 9 ते 12 आणि 12 ते 15 हे दोन्ही बाहेर काढावे लागतात. एकाच्या बदल्यात दोन जातात, अदलाबदल तोट्याची ठरते आणि सिद्धता तिथेच अडते. खोटी पद्धत सिद्ध होऊ नये, हेही सिद्धतेचं कामच आहे.

एवढ्यावर पेन खाली ठेवू नये. आतापर्यंत फक्त पहिली निवड सुरक्षित आहे हे दाखवलं. राहिलेला भाग अर्जांच्या संख्येवर इंडक्शनने पूर्ण होतो. एकही अर्ज नसेल तर सिद्ध करण्यासारखं काही नाही. नाहीतर g घेतल्यावर जे कार्यक्रम f(g) ला किंवा त्यानंतर सुरू होतात, तेवढेच उरतात. g असलेल्या सर्वोत्तम उत्तरातून g वगळला, तर राहिलेला भाग या छोट्या यादीसाठीही सर्वोत्तमच असतो; त्याहून मोठं काही असतं, तर त्याला g जोडून मूळ सर्वोत्तम उत्तरालाच मागे टाकता आलं असतं. ही यादी लहान असल्यामुळे ग्रीडी तिच्यावर सर्वोत्तम उत्तर देते, असं इंडक्शनने धरता येतं. त्यात g मिळवला की मूळ यादीचं उत्तर पूर्ण. आपल्या उदाहरणात याच टप्प्यावर च च्या जागी घ येतो आणि ख, च, छ चं ख, घ, छ होतं.

आता संस्थेने भाड्याचा विचार करायचं ठरवलं, असं समजा. ख चे 500 रुपये, ग चे 5000, आणि कार्यक्रम किती यापेक्षा एकूण भाडं जास्तीत जास्त हवं. वेळांची असमानता जशीच्या तशी खरी राहते आणि टक्करही होत नाही, पण ग च्या जागी ख ठेवला की 4500 रुपये बुडतात. ‘एक गेला, एक आला’ हे वाक्य आता पुरत नाही. या प्रश्नाला ग्रीडी चालत नाही, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग लागतं. म्हणून उत्तर लिहिताना संख्या जिथे तितकीच राहिली असं म्हटलं, त्या ओळीजवळ ‘प्रत्येक कार्यक्रमाचं मोल सारखं आहे’ हे गृहीतकही लिहावं. सिद्धता कशाच्या आधारावर उभी आहे, हे तपासणाऱ्याला तिथेच कळतं.