आयफोनची क्लिप, मामांचा लॅपटॉप

आयफोनवरून आलेली क्लिप विंडोजच्या लॅपटॉपवर उघडली की पुष्कळदा आवाज येतो आणि पडदा मात्र काळाच राहतो. जुन्या अँड्रॉइड फोनवर ती एक तर उघडतच नाही, नाहीतर चित्र अडखळत पुढे सरकतं. मग घरातला एखादा जाणकार भाचा फाइलच्या नावातलं .MOV खोडून .mp4 लिहितो. त्याने काहीच होत नाही. हा नुसता डबा. आतला पदार्थ तोच राहतो.

तो पदार्थ म्हणजे एचईव्हीसी पद्धतीने दाबून भरलेलं चित्र. 2017 मध्ये आयओएस 11 आलं, तेव्हापासून आयफोन 7 आणि त्यापुढचे फोन व्हिडिओ असाच साठवतात. कारण जागा. सेकंदाला 30 फ्रेमच्या 4के चित्रीकरणाचं एक मिनिट ॲपलच्या हिशेबाने सुमारे 170 एमबी घेतं, जुन्या एच.264 पद्धतीत तेच 350 एमबीपर्यंत जातं. पण इतकं दाबलेलं चित्र उलगडायला मेहनत जास्त पडते. नव्या फोनमध्ये त्यासाठी चिपमध्येच वेगळी सोय असते. जुन्या स्वस्त अँड्रॉइडमध्ये ती नसते, मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो. विंडोजचं दुखणं वेगळं. या पद्धतीवर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क आहेत, म्हणून मायक्रोसॉफ्ट ‘HEVC Video Extensions’ हा जोड आपल्या स्टोअरमधून वेगळा, थोड्या पैशांत विकते.

क्लिप फक्त लॅपटॉपवर पाहायची असेल तर तोही घेऊ नका. व्हीएलसी हा फुकट प्लेयर टाका. त्याच्या पोटात उलगडण्याची व्यवस्था आधीच आहे. त्यातच Ctrl+J दाबलं की फाइलची खरी पद्धत दिसते. तिथे HEVC लिहिलेलं असेल, तर निदान पक्कं.

फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर मात्र रूपांतर हवं. समजा, हळदीची चार मिनिटांची 4के क्लिप आहे, सुमारे 680 एमबीची, आणि ती मामांच्या विंडोज लॅपटॉपवरही चालायला हवी आणि आजीच्या जुन्या फोनवरही. हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम उघडून फाइल त्यात ओढा आणि प्रीसेट म्हणून ‘Fast 1080p30’ निवडा. व्हिडिओच्या टॅबमध्ये ‘H.264 (x264)’ असल्याची खात्री करा. त्याच यादीत 10-बिटचाही पर्याय दिसतो. तो घेतलात तर जुना फोन पुन्हा रुसेल. आजीचा फोन फारच जुना असेल, तर ‘Fast 720p30’ बरं. त्या छोट्या पडद्यावर फरक कळत नाही.

इथे एक खोच आहे. आयफोन 12 पासूनचे फोन एचडीआर व्हिडिओ घेऊ शकतात, म्हणजे रंग आणि उजेड साध्या पडद्याला झेपतील त्याहून मोठ्या पल्ल्याचे. तो पल्ला नीट न आटवता रूपांतर केलं, तर फाइल चालते, पण हळद फिकट आणि चेहरे राखाडी दिसतात. हा फिकेपणा हीच ओळख. अशा वेळी हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये कलरस्पेसला ‘BT.709’ निवडून पुन्हा करावं. मी आधी दहा सेकंदांचाच तुकडा करून पाहतो. चार मिनिटं रूपांतरित झाल्यावर रंग उडालेले कळण्यात अर्थ नाही.

ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची सवय आहे, त्यांना साध्या, एचडीआर नसलेल्या क्लिपसाठी एफएफएमपेग पुरे:

```
ffmpeg -i haldi.MOV -vf scale=-2:1080 -c:v libx264 -crf 21 -pix_fmt yuv420p -c:a aac haldi.mp4
```

यातला crf आकडा वाढवला की फाइल लहान होते आणि चित्र उतरतं. क्लिप उभी धरून घेतली असेल, तर 1080 च्या जागी 1920 लिहा.

व्हॉट्सॲपने नेहमीसारखी पाठवलेली क्लिप सगळीकडे चालते, कारण पाठवतानाच तिचं रूपांतर होतं. तपशील मात्र बराच जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की मूळ एचईव्हीसीच पोहोचतं आणि तक्रार परत येते.

पुढच्या समारंभाआधी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘Formats’ मध्ये जाऊन ‘Most Compatible’ निवडलं, तर पुढच्या क्लिपा थेट एच.264 मध्ये येतील. त्यात 4के सेकंदाला 60 फ्रेमने घेता येत नाही आणि फोन लवकर भरतो. म्हणून मी ते एरवी बंदच ठेवतो.

आणि मूळ .MOV पुसू नका. रूपांतरात गेलेला तपशील परत येत नाही, शिवाय नव्या फाइलवर रूपांतराच्या दिवसाचीच तारीख पडते. समारंभाची तारीख तेवढी फाइलच्या नावात लिहून ठेवा.